भागभांडवलाचा खर्च आणि करोत्तर कर्जखर्च

भागभांडवलाचा खर्च म्हणजे मालकाने किंवा भागधारकाने धंद्यात घातलेल्या पैशावर, तेवढीच जोखीम असलेल्या दुसऱ्या ठिकाणी त्याला जो परतावा मिळाला असता तो. हा खर्च कुठल्याही बिलावर छापून येत नाही. त्यामुळे कोल्हापूरच्या उद्यमनगरात किंवा शिरोली एमआयडीसीत 'बँकेचं व्याज साडेदहा टक्के, घरचा पैसा मात्र फुकट' असा हिशेब सर्रास चालतो. प्रत्यक्षात घरचाच पैसा महाग असतो, कारण बँकेचे देणे फिटल्यावर जे उरेल तेच मालकाचे.

हा खर्च काढायच्या दोन पद्धती रूढ आहेत. पहिली कॅपएम, म्हणजे भांडवली मालमत्ता मूल्यनिर्धारण प्रतिमान. ती १९६४ मध्ये विल्यम शार्प यांनी आणि १९६५ मध्ये जॉन लिंटनर यांनी मांडली. तिच्यात सरकारी रोख्याच्या दरात, बाजार त्या दरापेक्षा जेवढे जास्त देईल असा अंदाज आहे तेवढ्याला बीटाने गुणून मिळवायचे. बाजार एक टक्का हलला की शेअर सरासरी किती टक्के हलतो, हे बीटा सांगतो. दुसरी लाभांशवाढ पद्धत मायरन गॉर्डन यांच्या नावाने ओळखली जाते: पुढच्या वर्षीचा लाभांश भागिले आजचा भाव, अधिक लाभांशाच्या कायमच्या वाढीचा दर.

ओतकाम करणारी, शेअर बाजारात नोंदलेली एक काल्पनिक कंपनी घेऊ. सरकारी रोखा ७ टक्के, बाजाराचा जादा परतावा ७ टक्के, बीटा १.२. कॅपएमने उत्तर येते ७ + १.२ × ७ = १५.४ टक्के. शेअरचा भाव ४०० रुपये, नुकताच दिलेला लाभांश ६ रुपये आणि वाढ १० टक्के धरली, तर पुढचा लाभांश ६.६० रुपये. म्हणजे १.६५ + १० = ११.६५ टक्के. एकाच कंपनीची दोन उत्तरे, आणि तफावत पावणेचार टक्क्यांची.

तफावत कुठून आली ते उलट मोजल्यावर कळते. दुसऱ्या पद्धतीने १५.४ यायचे असतील तर लाभांश कायमचा १३.७ टक्क्यांनी वाढायला हवा, आणि कुठलीही कंपनी देशाच्या अर्थव्यवस्थेपेक्षा वेगाने अनंतकाळ वाढू शकत नाही. खरे तर १० टक्केसुद्धा सढळ हातानेच धरले आहेत. या उत्तरात लाभांशाचा वाटा पावणेदोन टक्केही नाही. बाकी सगळा आपण धरलेला वाढीचा अंदाजच आहे. नफ्यातला मोठा हिस्सा यंत्रांत परत घालणाऱ्या कंपन्यांना ही पद्धत म्हणूनच लागू पडत नाही. वर्षानुवर्षे स्थिर आणि भरघोस लाभांश देणाऱ्या कंपनीला ती शोभते.

शिरोलीच्या प्रायव्हेट लिमिटेड फाउंड्रीला तर भावही नाही आणि लाभांशही नाही. मालक पगार घेतो. तिथे बीटा उसना घ्यावा लागतो. वरच्या कंपनीचे कर्ज तिच्या भागभांडवलाच्या बाजारमूल्याच्या ०.४ पट आहे असे धरू. कराचा दर २५.१७ टक्के घेऊ (२२ टक्के, त्यावर १० टक्के अधिभार, त्यावर ४ टक्के उपकर). कर्जाचा परिणाम काढून टाकायला १.२ ला (१ + ०.७४८३ × ०.४) ने भागायचे, उरतो ०.९२, हा निव्वळ धंद्याचा बीटा. आपल्या फाउंड्रीत कर्ज आणि भांडवल निम्मेनिम्मे असेल तर त्याला १.७४८३ ने गुणायचे. येतो १.६१, आणि भागभांडवलाचा खर्च होतो सुमारे १८.३ टक्के. कर्ज वाढले की मालकाची जोखीम कशी चढते, ते इथे आकड्यात दिसते. ताळेबंदातले जुने पुस्तकी आकडे वापरले की हे गुणोत्तर हमखास चुकते.

कर्जाचे व्याज करपात्र नफ्यातून वजा होते, म्हणून साडेदहा टक्क्यांचे कर्ज करोत्तर १०.५ × ०.७४८३ = ७.८६ टक्क्यांना पडते. दर आज नवे कर्ज काढले तर बँक लावेल तो घ्यायचा, जुन्या मंजुरीपत्रातला नव्हे. आणि वजावट नफा असेल तरच कामाची. ट्रॅक्टर-वाहनांच्या ऑर्डरी आटून फाउंड्री तोट्यात गेली, तर त्या वर्षी कर्ज पुरते साडेदहालाच पडते. तोटा पुढे ओढून सवलत नंतर मिळाली तरी ती उशिराची.

भागीदारी पेढ्यांत 'भांडवलावर १२ टक्के' हा आकडा तोंडपाठ असतो. पण भागीदाराला दिलेल्या व्याजाची वजावट किती मिळावी, याची ती आयकर कायद्यातली कमाल मर्यादा आहे. जोखमीशी तिचा संबंध नाही.

आता वरच्या फाउंड्रीत निम्म्या कर्जावर इंडक्शन फर्नेस बसवायची आहे आणि ती करोत्तर १२ टक्के परतावा देईल, असे समजा. बँकेच्या साडेदहाशी ताडून पाहिले तर सौदा फायद्याचा वाटतो. १८.३ आणि ७.८६ यांची सरासरी मात्र १३.१ निघते.