फरशी, घंटा आणि सिग्नल: मसावि-लसाविची गणितं आली कुठून

सहावीच्या वर्कशीटमधे मसावि-लसावि आलं की फरशी, घंटा नाहीतर सिग्नल ठरलेलेच. मागच्या आठवड्यात भाचीला शिकवायला बसलो तर ती म्हणे, मामा, फरशी दिसली की मसावि आणि घंटा दिसली की लसावि, एवढं पाठ केलं की झालं ना? मार्क मिळतील म्हटलं, पण या दोन्हींच्या मागे एकच जुनी युक्ती आहे, ती कळली तर पाठ करायचं कामच नाही.

आधी फरशी. समजा खोली 540 बाय 420 सेंमी आहे आणि एकही टाइल न कापता सगळ्यात मोठी चौकोनी टाइल बसवायची आहे. कागदावर आयत काढा आणि त्यातून बसेल तो सगळ्यात मोठा चौरस कापून टाका, 420 चा एक निघतो, मग 120 बाय 420 ची पट्टी उरते, तिच्यातून 120 चे तीन निघतात, उरतो 120 बाय 60 चा तुकडा, त्यात 60 चे दोन बरोब्बर बसतात आणि काही उरत नाही. शेवटच्या चौरसाची बाजू 60, हाच मसावि. 9 गुणिले 7 म्हणजे 63 टाइल, आणि दुकानात ज्याला दोन बाय दोन म्हणतात तीच ही. मोठ्यातून लहान वजा करत जायची ही रीत युक्लिडच्या ‘एलिमेंट्स’च्या सातव्या भागात आहे, इसवीसनापूर्वी 300 च्या आसपासची, फक्त तो चौरसांऐवजी रेघांवर बोलतो.

आता त्याच खोलीची लांबी 541 करा. तीच कापाकापी 121, 57, 7 करत 1 वर येऊन थांबते, म्हणजे 1 सेंमीची टाइल, 2 लाख 27 हजार 220 नग! मिस्त्री हसेल आणि कडेला कट मारून मोकळा होईल. म्हणून वर्कशीटमधल्या खोल्या नेहमी इतक्या शहाण्या मापाच्या असतात.

घंटेचं मूळ मात्र जमिनीवर नाही, आभाळात आहे. वेगवेगळ्या वेगाने फिरणारे ग्रह परत एका जागी कधी जमतील हा ज्योतिषाचा प्रश्न, म्हणजे घंटेचंच गणित, फक्त ठोके वर्षांचे. आर्यभटाच्या युगात 43,20,000 वर्षं आहेत, तेवढ्यात सगळे ग्रह पूर्ण फेऱ्या मारून सुरुवातीच्या जागी येतात. पुढे 850 च्या सुमारास महावीराचार्यांनी अपूर्णांकांच्या छेदांसाठी लसावि वापरला, त्याला ते निरुद्ध म्हणतात.

सिग्नल यात सगळ्यात नवा. लंडनला 1868 मधे गॅसच्या दिव्यांचा लागला, विजेचा अमेरिकेत क्लीव्हलँडला 1914 मधे. गणितात तो घंटेच्याच जागी बसला, पण खरी भानगड इथेच आहे. भाचीच्या वर्कशीटमधे वर्धा रोडवरचे तीन सिग्नल होते (आकडे अर्थातच मनातले), दर 48, 54 आणि 72 सेकंदांनी हिरवे होणारे, तर परत एकत्र कधी? लसावि 432, म्हणजे 7 मिनिटं 12 सेकंद. आर्यभटाच्या युगातलेच आकडे ना हे! कारण साधं आहे, 2 आणि 3 चे भरपूर अवयव असलेल्या आकड्याला सगळ्यांनी नीट भाग जातो, म्हणून वर्कशीटवाल्यालाही तोच सोयीचा.

पण सुरुवातीला तिन्ही एकत्र हिरवे झाले होते हे त्या वर्कशीटमधे लिहिलंच नव्हतं, आणि मग उत्तरच निघत नाही. पहिले दोनच घ्या, 48 वाला आणि 54 वाला. दुसरा 12 सेकंद उशिरा सुरू झाला तर दोघं 336 व्या सेकंदाला भेटतात, 48 चा सातवा आणि 54 चा सहावा ठोका. पण 10 सेकंद उशीर झाला तर कधीच नाही, रात्रभर चौकात उभे राहा! कारण 48 आणि 54 चा मसावि 6 आहे, आणि उशीर 6 ने भागला गेला नाही की भेट नाही. लसाविच्या गणितात मसावि असा मागच्या दाराने येतो बघा.

हा उशीरवाला प्रश्न आर्यभटाने 499 मधेच सोडवलाय, ठराविक बाक्या उरतील अशी संख्या शोधायची रीत दिली, पुढे तिला कुट्टक म्हणू लागले, खलबत्त्यात कुटल्यासारखे मोठे आकडे भागून भागून बारीक करायचे म्हणून. आणि ती भागाभागी कोणती, तर फरशीवालीच.

खऱ्या रस्त्यावर अजून एक गोष्ट. ओळीने हिरवा मिळावा म्हणून जोडलेल्या सिग्नलांचं चक्र सहसा सारखंच ठेवतात आणि फक्त सुरुवात पुढेमागे करतात, तिथे लसावि काढायची वेळच येत नाही. म्हणून भाचीच्या वर्कशीटवर मी पेनाने दोन दुरुस्त्या केल्या, वर्धा रोड खोडून ‘तीन वेगवेगळे चौक’ आणि वर ‘सकाळी 8 वाजता तिन्ही एकदमच हिरवे झाले’. तिने खाली उत्तर लिहिलं, 8 वाजून 432. मिनिटं कर ना बाई, म्हटलं.