पाठवणीची कथा आणि आदल्या रात्रीची कथा

नवरीच्या माहेरातल्या शेवटच्या रात्रीवर कथा लिहिली आहे, असं सांगून लोक वाचायला देतात आणि निम्म्याहून जास्त वेळा हातात पाठवणीच पडते. रात्र नावापुरती. खिडकीतून चंद्र, कोपऱ्यात रुखवत, मग लहानपणच्या आठवणी, आणि शेवटी आईच्या गळ्यात पडून रडणं. हे रडणं दुसऱ्या दिवशी गाडीच्या दारात व्हायचं असतं, लेखकाने ते बारा तास अलीकडे ओढलेलं असतं.

पाठवणी सगळ्यांनी पाहिलेली आहे, त्यामुळे तिच्याबद्दल फार सांगत नाही. एक दिवसाउजेडी, दुसरी रात्री. एकीत सगळं गाव, दुसरीत घरचे आणि मुक्कामाला आलेले पाहुणे. हे फरक वरवरचे आहेत.

अडतं ते इथे. पाठवणीत नवरीला काही करावं लागत नाही. ओटी कोण भरणार, पाठराखीण कोण जाणार, सगळं ठरलेलं असतं. आदल्या रात्री मात्र ती अजून त्या घरातली कामाची बाई असते. अंगाला हळद लागलेली, हातात हिरवा चुडा, ‘आता कशाला हात लावू नको’ म्हणून सगळ्यांनी बसवून ठेवलेली. पण उद्यापासून घरातलं कुठलं काम अडणार आहे, ते फक्त तिला माहीत असतं. आखाडात ती परत येईल, पंचमीलाही येईल, पण माहेरवाशीण म्हणून. तिचं ताट आधी वाढलं जाईल. म्हणून ‘शेवटची’ हा शब्द तिच्या घरातल्या जागेला लागू होतो, त्या उंबऱ्याला नाही.

तासगावकडच्या एखाद्या वाडीतलं घर घ्या. दारात मांडव, ओसरीवर पाहुण्या बायका झोपलेल्या, मागे गोठा. गोठ्यातली म्हैस तीन वर्षं ही पोरगीच पिळते. दुसऱ्या कुणी हात लावला की म्हैस पान्हा चोरते. गायीपेक्षा म्हशीचं हे जास्त जाणवतं, कारण तिचं बहुतेक दूध पान्हा सुटल्यावरच सडात उतरतं. बिथरली की कितीही ओढा, चरवीचा तळ जेमतेम ओला होतो. पोरीला ही काळजी आहे. रात्री सगळे झोपल्यावर ती आईला उठवते आणि दोघी गोठ्यात जातात. हळद लागल्यावर नवरीनं रात्री घराबाहेर पडू नये असं म्हणतात, म्हणजे ती दोन पावलंसुद्धा चोरीचीच.

आईला दाखवावं म्हणून पोरगी आधी स्वतः बसते. रेडकू सोडते, दोन ढुसण्या मारू देते, मग बाजूला ओढून सडाला हात घालते. म्हैस पाय झाडते. पोरगी पुन्हा चुचकारते, चुडा खळखळतो, म्हैस अंग चोरून दाव्याला हिसका देते. रोजचा घामाचा, शेणाचा वास नाही, हळदीचा आहे. रोजचे हात मुके होते, हे वाजताहेत. म्हशीनं तिला ओळखलेलंच नाही.

मग ती दांडीवरची आपली जुनी ओढणी काढते. “आये, ही गुंडाळ अंगाला. आन् बोलू नगंस.” आई बसते. थोड्या वेळानं चरवीत धार वाजायला लागते, आधी पत्र्यावर, मग फेसात.

मला कथा हवी ती अशी. पोरगी काम सोपवायला आली होती, आणि आपण या गोठ्याला आत्ताच परक्या झालोय, हे तिला उद्याच्या आधीच कळलं. कुणी ते बोलून दाखवत नाही. ‘तिच्या मनात कालवाकालव झाली’ हे वाक्य लेखकानं लिहिलं की सगळं गेलं. म्हशीच्या डोळ्यांत पाणी आणलं तर त्याहून वाईट. म्हैस घाबरली आहे, तिला लग्नाशी घेणंदेणं नाही.

आपली कथा कुठल्या जातीची, हे ओळखायला मी एकच गोष्ट करून पाहते. प्रसंग उचलायचा आणि दुसऱ्या दिवशी दुपारी, गाडीच्या दारात ठेवायचा. गळ्यात पडून रडणं तिथं आरामात बसतं. ओढणी आणि चरवी बसत नाहीत, कारण दुपारी तिथं कुणी म्हैस पिळत नाही, आणि आई लेकीला एकटीच अशी सापडतही नाही.

शेवटही धार वाजते तिथेच ठेवावा. पहाटेचा सनई-चौघडा मला नकोच, आणि चरवी किती भरली तेही नको. पोरगी रेडकाच्या दाव्याची गाठ धरून अंधारात उभी आहे, चुडा वाजू नये म्हणून दुसऱ्या हातानं दाबून धरलेला, एवढं पुरे.