चेंडू 15 मीटरच्या वर किती वेळ असतो?

जमिनीवरून सरळ वर, सेकंदाला 20 मीटर वेगाने चेंडू फेकला. हवेचा विरोध सोडून दिला आणि गुरुत्वीय त्वरण सोयीसाठी 10 धरले, तर t सेकंदांनी त्याची उंची 20t − 5t² मीटर असते. हा चेंडू 15 मीटरपेक्षा उंच कधी असतो? समीकरण सोडवले तर उंची नेमकी 15 होण्याचे क्षण मिळतील. आपल्याला त्यांच्या मधला सगळा काळ हवा आहे, म्हणून इथे असमानता लागते:

20t − 5t² > 15

पहिले काम म्हणजे उजवीकडे शून्य आणणे. अनेकांना ही नुसती मांडणीची शिस्त वाटते, पण सगळी पद्धत त्यावरच उभी आहे. डावी बाजू 5t(4 − t) अशी लिहून 5 ने भागले, की t(4 − t) > 3 मिळते. इथे थांबून काही विद्यार्थी ‘t > 3 किंवा 4 − t > 3’ असे लिहून मोकळे होतात. t = 2 घालून पाहा: 2 × 2 = 4, म्हणजे अट पाळली जाते, पण दोघांपैकी एकही अवयव 3 पेक्षा मोठा नाही. गुणाकार 3 पेक्षा मोठा आहे एवढ्यावरून अवयवांबद्दल ठाम काही सांगता येत नाही. तो शून्यापेक्षा मोठा की लहान, हे मात्र अवयवांच्या चिन्हांवरून लगेच कळते.

म्हणून −5t² + 20t − 15 > 0 असे लिहू आणि −5 ने भागू. ऋण संख्येने भागताना असमानतेची दिशा उलटते:

t² − 4t + 3 < 0, म्हणजेच (t − 1)(t − 3) < 0

मुळे 1 आणि 3. त्यांनी संख्यारेषेचे तीन भाग होतात. आता चिन्हांचा तक्ता:

| | t < 1 | 1 < t < 3 | t > 3 |
|---|---|---|---|
| t − 1 | − | + | + |
| t − 3 | − | − | + |
| गुणाकार | + | − | + |

गुणाकार ऋण हवा, म्हणून उत्तर 1 < t < 3. चेंडू 2 सेकंद 15 मीटरच्या वर असतो. असमानता काटेकोर असल्यामुळे 1 आणि 3 उत्तरात येत नाहीत. ‘15 किंवा त्याहून जास्त’ असे विचारले असते, तर आले असते.

एका भागात सगळीकडे एकच चिन्ह कसे? याचे उत्तर आलेखात दिसते. t² − 4t + 3 चा आलेख म्हणजे वर तोंड उघडलेला पॅराबोला, म्हणजेच अन्वस्त. ही रेषा अखंड आहे. अक्षाच्या वरून खाली जायचे तर तिला अक्ष ओलांडावाच लागतो, आणि तो ती फक्त 1 आणि 3 वर ओलांडते. म्हणूनच प्रत्येक भागातली एकच संख्या तपासली तरी पुरते. उत्तर पडताळायलाही तेवढेच करावे. दिशा उलटायला विसरलात तर t < 1 किंवा t > 3 येईल; पण t = 2 ला उंची 40 − 20 = 20 मीटर असते आणि 2 तर उत्तरात नाही! चूक तिथेच सापडते.

15 पेक्षा कमी उंची विचारली तर दोन तुकडे मिळतात: t < 1 किंवा t > 3. ते जोडून 3 < t < 1 लिहू नये. अशी एकही संख्या नसते. शिवाय चेंडू 4 सेकंदांनी जमिनीवर येतो, म्हणून खरे उत्तर 0 ≤ t < 1 किंवा 3 < t ≤ 4. ही मर्यादा बीजगणित आपण होऊन सांगत नाही.

आता उंची 15 ऐवजी 20 घ्या. 20 पेक्षा जास्त कधी? असमानता (t − 2)² < 0 अशी होते. मूळ एकच, 2, आणि पॅराबोला अक्षाला तिथे फक्त टेकतो. ‘अधिक, उणे, अधिक’ हा क्रम पाठ करून बसलेल्यांची इथे फसगत होते. 2 ओलांडताना दोन्ही अवयवांचे चिन्ह एकदमच बदलते, त्यामुळे गुणाकाराचे चिन्ह तेच राहते. 2 च्या दोन्ही बाजूंना गुणाकार धनच आहे आणि 2 वर शून्य, म्हणून 20 मीटरच्या वर चेंडू कधीच जात नाही. ‘किमान 20’ असे विचारले, तर t = 2 हा एकच क्षण.

25 मीटर घेतले तर t² − 4t + 5 < 0. विवेचक 16 − 20 = −4, म्हणजे वास्तव मुळे नाहीत आणि रेषेचे भाग पाडायला बिंदूही नाही. पॅराबोला सगळाच अक्षाच्या वर; त्याचा सर्वांत खालचा बिंदू t = 2 ला, तिथे किंमत 1. म्हणून या असमानतेला उत्तर नाही. ‘25 पेक्षा कमी’ असे विचारले तर मात्र 0 ते 4 मधला प्रत्येक क्षण उत्तरात येतो. ‘विवेचक ऋण, म्हणून उत्तर नाही’ हा नियम समीकरणाला चालतो, असमानतेला नाही. इथे आधी t² चा सहगुणक धन की ऋण आणि असमानता कोणत्या दिशेची, हे पाहावे लागते.