पीएसए वाढला म्हणजे कॅन्सरच का?

“पीएसए ४ च्या वर गेला की प्रोस्टेटचा कॅन्सरच, लगेच बायोप्सी करा,” असं अनेकदा ऐकू येतं. पण तसं नाही.

पीएसए हे रक्तात मोजलं जाणारं प्रथिन आहे आणि प्रोस्टेट ही पुरुषांच्या मूत्राशयाखालची ग्रंथी. निरोगी प्रोस्टेटही पीएसए बनवते. वयाने ग्रंथी वाढली, सुजली किंवा लघवीत इन्फेक्शन झालं तरी आकडा चढतो.

समजा, इंदूरच्या ५४ वर्षांच्या काकांचा पीएसए ६.८ आला, लघवीला जळजळही आहे. आधी लघवीचं कल्चर, इन्फेक्शन निघालं तर औषध. मग ६ ते ८ आठवड्यांनी त्याच लॅबमध्ये पुन्हा पीएसए. त्याआधी दोन दिवस सायकल आणि शरीरसंबंध टाळायचे. (प्रोस्टेट वाढल्यावर दिलं जाणारं फिनास्टेराइड चालू असेल तर डॉक्टरांना सांगाच, त्याने आकडा साधारण निम्मा दिसतो.) २.९ वर उतरला तर बहुधा सूजच होती. चढाच राहिला, किंवा डॉक्टरांना गुदद्वारातून बोटाने तपासताना गाठ लागली, तर युरॉलॉजिस्ट सहसा आधी एमआरआय सांगतात. बायोप्सीचं त्यानंतर ठरतं.