दिल्ली दरबारात समाचा खटला

गियासुद्दीन तुघलकाच्या कारकिर्दीत (१३२०–१३२५) दिल्लीच्या काही उलेमांनी, म्हणजे इस्लामी धर्मपंडितांनी, सुफी संत शेख निजामुद्दीन औलियांविरुद्ध तक्रार केली. शेख समाच्या, म्हणजे ईश्वरस्मरणासाठी काव्यगायन ऐकण्याच्या, मैफली भरवतात, ते ऐकून लोक भान हरपून नाचू लागतात, आणि हनफी शरियतीत हे बसत नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. सुलतानाने ‘महजर’ बोलावला, म्हणजे दोन्ही बाजू ऐकून घेणारी उलेमांची सभा.

ही भांडणं आपण सहसा ‘कर्मठ विरुद्ध रसिक’ अशी वाचतो. पण शेख स्वतःही नियमांचे पक्के होते. त्यांची संभाषणं अमीर हसन सिज्झींनी ‘फवाइद-उल-फुआद’मध्ये टिपून ठेवली आहेत. त्यात समासाठी चार अटी येतात: गाणारा प्रौढ पुरुष असावा, ऐकणाऱ्याचं चित्त ईश्वराकडे असावं, काव्य अश्लील नसावं आणि चंग-रबाबसारखी तंतुवाद्यं नसावीत. काही दरवेश वाद्यांच्या साथीवर नाचले, असं एकदा त्यांच्या कानावर आलं. दरवेशांची सबब अशी, की आम्ही इतके तल्लीन होतो की वाद्यं आहेत की नाहीत हेच कळलं नाही. शेखांनी ती फेटाळली. अशी सबब कुठल्याही पापाला देता येईल, हे त्यांचं उत्तर.

मग महजरात वाद कशावर झाला? अमीर खुर्दच्या ‘सियर-उल-औलिया’नुसार शेखांनी आधाराला हदीस, म्हणजे पैगंबरांचं वचन, दिलं. उलेमा म्हणाले, आम्हाला हदीस नको, हनफी परंपरेचे संस्थापक अबू हनीफांचं मत दाखवा. हे ऐकायला विचित्र वाटतं, पण त्यामागे विचार होता. एका मजहबच्या, म्हणजे धर्मकायद्याच्या परंपरेच्या, अनुयायाने थेट हदीसवरून निर्णय काढू नये. कुठली हदीस कधी लागू होते हे ठरवणं त्या परंपरेच्या इमामांचं काम, अशी ती शिस्त होती. शेखांना मात्र पैगंबरांच्या वचनापेक्षा फकीहाचं, म्हणजे धर्मकायद्याच्या पंडिताचं, मत वरचढ ठरणं असह्य वाटलं. खरा झगडा गाण्याइतकाच पुराव्याचाही होता.

मग मुलतानचे सुफी संत बहाउद्दीन झकारियांचे नातू मौलाना इल्मुद्दीन यांना विचारलं गेलं. ते बगदाद, शाम म्हणजे सीरिया, आणि रूम म्हणजे अनातोलिया, फिरून आलेले होते. तिथे मशायख, म्हणजे सुफी गुरू, डफ आणि बासरीसह समा ऐकतात आणि कुणी अडवत नाही, अशी साक्ष त्यांनी दिली. सुलतानाने शेखांवर बंदी घातली नाही.

अर्थात अमीर खुर्द शेखांच्याच गोटातला, त्यामुळे विरोधकांची बाजू त्याच्याकडे फिकी पडते. तो आणखी एक गोष्ट जोडतो: पैगंबरांच्या वचनाची अशी अवहेलना करणारं शहर टिकेल कसं, असं शेख म्हणाले, आणि थोड्याच वर्षांत ते उलेमा देवगिरीला धाडले गेले. मुहम्मद तुघलकाने १३२७ च्या सुमारास दिल्लीकरांना दौलताबादेला हलवलं, त्याचा हा संदर्भ. पण त्या काळात शेखांची माणसंही दक्षिणेत आलीच की. हसन सिज्झी इथेच वारले. शेखांचे शिष्य बुऱ्हानुद्दीन गरीब खुलदाबादला विसावले, आणि समातल्या ज्या नृत्यासाठी ते ओळखले जात, त्याला त्यांच्याच नावावरून ‘बुऱ्हानी’ म्हणू लागले.