बँड आणि फोनची जोडी कशी जमली: ब्लूटूथ ४.० पासूनची पार्श्वभूमी

२००९ मध्ये फिटबिटचा पहिला ट्रॅकर आला तेव्हा तो फोनशी बोलतच नव्हता. तो कपड्याला अडकवायचा आणि घरी आलं की कॉम्प्युटरला जोडलेल्या छोट्या बेस स्टेशनजवळ न्यायचा, म्हणजे पावलांची नोंद वायरलेसने उतरायची. तो वायरलेस ब्लूटूथ नव्हता, अँट नावाचं वेगळंच तंत्र होतं. २०११ मध्ये आलेला जॉबोनचा बँड तर हेडफोनच्या भोकात खुपसून सिंक करावा लागे. नायकेच्या २०१२ च्या फ्युएलबँडमध्ये ब्लूटूथ होतं, पण जुन्या पद्धतीचं. त्या काळी जवळजवळ प्रत्येक फोनमध्ये ब्लूटूथ असताना बँड बनवणाऱ्यांना असे आडमार्ग का शोधावे लागले, हे पाहिलं की आजच्या बॉक्सवरच्या ५.० किंवा ५.३ या आकड्यांकडे कसं बघायचं तेही कळतं.

ब्लूटूथचा जन्म स्वीडनमधल्या एरिक्सन कंपनीत, १९९४ च्या सुमारास झाला. फोन आणि हेडसेटमधली वायर काढून टाकणं हा हेतू. आवाज सलग वाहतो, त्यामुळे दोन्ही बाजूंचे रेडिओ सतत एकमेकांच्या तालात राहतील अशीच त्याची रचना झाली. २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात ७९ चॅनेल आणि या चॅनेलवरून त्या चॅनेलवर सेकंदाला १६०० उड्या. जवळपास कोण आहे हे शोधायलाच त्याला १० सेकंदांपर्यंत वेळ लागू शकतो. रोज रात्री चार्ज होणाऱ्या हेडसेटला हे परवडतं. पण बँडला पाठवायचं असतं ते अगदी थोडं: पावलांचा एक आकडा, नाडीचा एक ठोका. तेवढ्यासाठी ही सगळी यंत्रणा जागी ठेवली तर त्याची चिमुकली बॅटरी पाहता पाहता उतरणार. पुढच्या आवृत्त्यांनी वेग वाढवला, पण हा मूळ स्वभाव बदलला नाही.

स्वभाव बदलला तो बाहेरून आलेल्या कामामुळे. नोकियाच्या संशोधकांनी अगदी कमी विजेवर चालणारा, ब्लूटूथच्याच पट्ट्यातला रेडिओ तयार केला आणि २००६ मध्ये वायब्री नावाने जाहीर केला. पुढच्याच वर्षी तो ब्लूटूथच्या संघटनेकडे आला आणि २०१० मध्ये ब्लूटूथ ४.० चा भाग म्हणून ‘लो एनर्जी’ या नावाने बाहेर पडला. म्हणजे ४.० ही ३.० ची सुधारलेली आवृत्ती नव्हे. एका नावाखाली दोन वेगळे रेडिओ नांदू लागले, आणि ते एकमेकांची भाषा समजत नाहीत. फक्त लो एनर्जी जाणणारा बँड २.१ किंवा ३.० च्या फोनला दिसणारसुद्धा नाही. आवृत्तीच्या आकड्यांमध्ये ओलांडता न येणारी रेष एवढी एकच. ४.० च्या पुढचा कोणताही फोन आणि पुढचा कोणताही बँड दोघांना जमेल त्या किमान पातळीवर एकमेकांशी जुळवून घेतात.

लो एनर्जीत चॅनेल ४० केले. त्यांतले ३ फक्त ‘मी इथे आहे’ अशी हाक देण्यासाठी राखले, आणि तेही वायफायच्या नेहमीच्या गर्दीतून वाट काढतील अशा जागी. बँड थोड्या थोड्या वेळाने या तीन चॅनेलवर हाक देतो आणि मधल्या वेळात झोपतो. फोनने हाक ऐकून जोडणी मागितली की काही मिलिसेकंदांत काम होतं.

हार्डवेअर आलं तरी सॉफ्टवेअर मागे रेंगाळलं. आयफोन ४एस मध्ये २०११ सालीच लो एनर्जी आलं. अँड्रॉइडच्या बऱ्याच फोनांत चिप होती, पण सर्व अ‍ॅपना ती एकाच पद्धतीने वापरता येईल अशी सोय थेट अँड्रॉइड ४.३ मध्ये, म्हणजे २०१३ च्या जुलैत आली. त्याच आवृत्तीत अ‍ॅपला इतर अ‍ॅपची नोटिफिकेशन वाचू देणारी परवानगीही आली. त्याच वर्षी आयओएस ७ ने आयफोनमधली नोटिफिकेशन लो एनर्जीवरून घड्याळाला देणारी स्वतःची सेवा आणली. माझ्या मते मनगटावर मेसेज दिसण्याचं खरं वर्ष २०१३. आजचा फरकही तिथूनच आला आहे. आयफोनवर हे काम फोनची प्रणाली करते, तर अँड्रॉइडवर बहुतेक बँडांसाठी ते कंपनीच्या अ‍ॅपला करावं लागतं. म्हणून अँड्रॉइडने बॅटरी वाचवायला ते अ‍ॅप बंद केलं की बँड मुका होतो, आणि दोष मात्र ब्लूटूथवर जातो.

बॅटरी नेमकी कशी वाचते ते एका उदाहरणाने पाहू. जोडणी झाल्यावर फोन आणि बँड एक ठेका ठरवतात. तो ७.५ मिलिसेकंदांपासून ४ सेकंदांपर्यंत काहीही असू शकतो. समजा ३०० मिलिसेकंद ठरला. दर ठेक्याला उठायचं म्हटलं तर बँड दिवसात २,८८,००० वेळा जागा होईल. पण सांगण्यासारखं काही नसेल तर बँडला ठरावीक ठेके चुकवायची मुभा असते. ती ४ धरली, तर तो दर पाचव्या ठेक्याला, म्हणजे दीड सेकंदाने उठतो. मग जाग येते दिवसात फक्त ५७,६०० वेळा, आणि तीही क्षणभर. याची किंमत दुसरीकडे मोजावी लागते. फोनवर मेसेज आला आणि बँड झोपेत असला, तर मनगटावरची थरथर दीड सेकंदापर्यंत उशिरा येऊ शकते. शिवाय जोडणी तुटली असं मानण्याआधी किती वाट पाहायची, तेही ठरलेलं असतं. ते ६ सेकंद असेल, तर तुम्ही फोन टेबलावर ठेवून निघून गेलात तरी तेवढा वेळ दोघांनाही ताटातूट झाल्याचं कळत नाही. ‘फोन दूर गेला’ हा इशारा उशिरा येतो तो यामुळे. ती बिघाडाची खूण नव्हे.

२०१४ च्या ४.२ आवृत्तीची जाहिरात कुणी फारशी करत नाही, पण बँडच्या दृष्टीने ती महत्त्वाची होती. तोवर एका पाकिटात अ‍ॅपच्या कामाची माहिती साधारण २० बाइट मावायची, ती २४४ पर्यंत गेली. आठवडाभर दर मिनिटाला नाडीची एक नोंद म्हणजे १०,०८० नोंदी. प्रत्येकीला २ बाइट धरले तर एकूण २०,१६० बाइट. जुन्या पद्धतीने त्याची १,००८ पाकिटं होतात, नव्याने ८३. सिंक करताना ठेका ३० मिलिसेकंदांचा ठेवला आणि दर ठेक्याला एकच पाकीट गेलं, तर पहिल्याला सुमारे ३० सेकंद लागतील, दुसऱ्याला अडीच. प्रत्यक्षात एका ठेक्यात अनेक पाकिटं जाऊ शकतात, त्यामुळे दोन्ही वेळा कमी होतील आणि दोन्हींतला फरकही घटेल, पण नवी पद्धत बरीच पुढेच राहील. बँड लवकर झोपला की बॅटरीही वाचली. पेअरिंगच्या वेळी चोरून ऐकणाऱ्यापासून संरक्षण देणारी नवी किल्लीपद्धतही याच आवृत्तीत आली.

२०१६ चं ५.० मात्र ‘चौपट रेंज, दुप्पट वेग’ अशा घोषणेसह आलं, आणि तिथून गैरसमज सुरू झाले. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी मिळत नाहीत. वेग दुप्पट करणाऱ्या पद्धतीत रेंज उलट थोडी घटते. चौपट रेंज येते ती प्रत्येक बिट अनेक चिन्हांत पसरून पाठवल्यावर. त्यातून सुमारे १२ डेसिबलचा फायदा होतो, पण वेग सेकंदाला १० लाख बिटांवरून १ लाख २५ हजारांवर घसरतो आणि तेच बोलायला रेडिओ जास्त वेळ चालू राहतो. बँडला हे नकोच असतं. मुख्य म्हणजे या दोन्ही पद्धती ऐच्छिक आहेत. त्यांच्याशिवायही उपकरणावर ५.० किंवा ५.३ लिहिता येतं. तुमच्या अँड्रॉइड फोनमध्ये त्या आहेत का, ते nRF Connect या मोफत अ‍ॅपच्या उपकरण-माहितीत दिसतं. पण लांब रेंजची पद्धत फोनमध्ये असली तरी बँडमध्ये नसेल, तर ती वापरली जात नाही.

मनगटावरच्या उपकरणाच्या रेंजचा खरा शत्रू वेगळाच आहे: माणसाचं शरीर. २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी पाण्याने भरलेल्या शरीरात बऱ्याच शोषल्या जातात. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की सिग्नल ६ डेसिबलने घटतो, म्हणजेच १२ डेसिबल गमावणं म्हणजे रेंज एक चतुर्थांश होणं. डाव्या मनगटावर बँड आणि उजव्या मागच्या खिशात फोन असेल, तर मध्ये सगळं धड येतं. रेंज तपासायची असेल तर फोन टेबलावर ठेवून, बँड फोनच्या बाजूला करून चालत जा. मग तितक्याच अंतरावर पाठ फिरवून पाहा. पाठ फिरवल्यावर जोडणी तुटत असेल तर दोष आवृत्तीचा नाही, नवा फोन घेऊनही फारसा फरक पडणार नाही.

मनगटावरून फोन कॉल घेता येणारी घड्याळं आली तेव्हा जुनं ब्लूटूथ पुन्हा दारातून आत आलं. लो एनर्जीतून आवाज नेण्याची प्रमाण पद्धत ५.२ पासून आहे, पण ती घड्याळ आणि फोन दोघांतही लागते. म्हणून अनेक घड्याळं अजून आवाजासाठी जुना रेडिओ आणि बाकी सगळ्यासाठी लो एनर्जी वापरतात. अशा वेळी फोनच्या ब्लूटूथ यादीत एकाच घड्याळाच्या दोन नोंदी दिसू शकतात. त्यांतली आवाजाची काढून टाकली की पावलं येत राहतात आणि कॉल मात्र फोनवरच वाजतो.

‘बँड सापडत नाही’ ही तक्रारही याच रचनेतून उगवते. साधा बँड एका वेळी एकाच फोनशी जोडलेला राहतो, आणि जोडला गेला की हाक देणं थांबवतो. जुना फोन ड्रॉवरमध्ये पडून असेल आणि त्याचं ब्लूटूथ चालू असेल, तर नव्या फोनच्या अ‍ॅपला काहीच दिसत नाही. जुन्या फोनचं ब्लूटूथ बंद करा. क्षणभरात बँड यादीत आला तर कारण सापडलं. बँड अ‍ॅपऐवजी थेट सेटिंगमधून जोडला गेला असला तरीही काही अ‍ॅपना तो सापडत नाही. अँड्रॉइड १२ पासून ‘जवळची उपकरणं’ ही परवानगी नाकारलेली असली, किंवा त्याआधीच्या फोनवर लोकेशन बंद असलं, तरी शोध रिकामाच परततो.

याउलट बँड दिसतो, जोडल्यासारखा होतो आणि लगेच तुटतो, तर संशय किल्लीवर घ्यावा. पेअरिंगच्या वेळी दोन्ही बाजू एक गुप्त किल्ली जपून ठेवतात. फोन रीसेट केला की त्याच्याकडची किल्ली जाते, बँडकडची राहते, आणि पुढच्या भेटीत ओळख पटत नाही. अशा वेळी नोंद दोन्हीकडून पुसावी लागते: फोनच्या यादीतून उपकरण विसरायला लावायचं, बँड त्याच्याच मेनूतून रीसेट करायचा आणि मग पेअरिंग अ‍ॅपमधून करायचं. मात्र सिंक न झालेली नोंद बहुतेक बँडांत रीसेटबरोबर पुसली जाते. त्यामुळे जुना फोन अजून हाताशी असेल तर आधी त्याच्यावर एक सिंक करून घ्या.