सहा वाजता वृश्चिक, सहा वाजून दोन मिनिटांनी धनू

१ जानेवारी २००० ची पहाट. पुण्यात बरोबर सहा वाजता एक बाळ जन्मलं असं धरू. पत्रिकेत त्याचं लग्न, म्हणजे जन्माच्या क्षणी पूर्वेला उगवणारी रास, येतं वृश्चिक, २९ अंश ४६ कला. कला म्हणजे अंशाचा साठावा भाग. तेच बाळ दोन मिनिटांनी जन्मलं असतं तर लग्न धनू झालं असतं. आकाशात एवढ्यात फारसं काही बदललेलं नसतं, फक्त पृथ्वी अर्धा अंश फिरलेली असते. त्या अर्ध्या अंशाने काय होतं ते हिशोब करूनच पाहू.

वर्षभर सूर्य ज्या वाटेवरून सरकताना दिसतो, त्या वाटेला क्रांतिवृत्त म्हणतात. बारा राशी म्हणजे या वाटेचे तीस-तीस अंशांचे तुकडे. जन्माच्या क्षणी या वाटेचा जो बिंदू पूर्व क्षितिजावर उगवत असतो, तो लग्नबिंदू. पृथ्वी दिवसाला एक फेरी मारते, म्हणून चोवीस तासांत बाराही राशी उगवून जातात. सरासरीने एका अंशाला चार मिनिटं मिळतात.

आता आपल्या बाळाकडे वळू. घड्याळातले सहा म्हणजे भारतीय प्रमाणवेळ. त्यातून साडेपाच तास वजा केले की ग्रिनिचची वेळ मिळते, ००:३०. पण आकाश किती फिरलंय हे सांगतं ते नाक्षत्रकाळाचं घड्याळ, जे ताऱ्यांच्या हिशोबाने चालतं आणि रोज सुमारे चार मिनिटं पुढे जातं. त्या दिवशी ग्रिनिचला मध्यरात्री ते ६ तास ३९ मिनिटं ५२ सेकंद दाखवत होतं. पुढच्या अर्ध्या तासात ते ३० मिनिटं ५ सेकंद चाललं. पुण्याचे रेखांश ७३ अंश ५१ कला पूर्व. दर अंशाला चार मिनिटं या दराने ४ तास ५५ मिनिटं २४ सेकंद मिळवायचे. बेरीज १२ तास ५ मिनिटं २१ सेकंद. हा पुण्याचा स्थानिक नाक्षत्रकाळ.

आता अक्षांश, म्हणजे १८ अंश ३१ कला. क्षितिज आकाशाला किती कललेलं आहे ते यावरून ठरतं. नाक्षत्रकाळ आणि अक्षांश त्रिकोणमितीच्या सूत्रात घातले की सायन लग्न, म्हणजे वसंतसंपातापासून मोजलेलं लग्न, २६३ अंश ३७ कला येतं. आपल्याकडच्या निरयन पद्धतीत मोजणी ताऱ्यांच्या संदर्भाने ठरवलेल्या बिंदूपासून होते, म्हणून त्यातून अयनांश, म्हणजे या दोन आरंभबिंदूंमधलं अंतर, वजा करतात. लाहिरी अयनांश तेव्हा २३ अंश ५१ कला होता. उरले २३९ अंश ४६ कला. वृश्चिक रास २४० अंशांना संपते, म्हणजे बाळ अगदी उंबऱ्यावर आहे. त्या सुमाराला लग्न मिनिटाला साडेतेरा कलांनी पुढे सरकत होतं, म्हणून मिनिटाहून किंचित जास्त वेळातच राशीची सीमा ओलांडली गेली.

उत्तर बरोबर आलं का, हे पडताळायची एक सोपी खूण आहे. सूर्योदयाच्या वेळी सूर्य स्वतःच क्षितिजावर असतो, त्यामुळे त्या क्षणी लग्न आणि सूर्याचे अंश जवळजवळ एकच असायला हवेत. त्या दिवशी सूर्य धनूत सोळा अंशांवर होता आणि पुण्यात सात वाजून गेल्यावर उगवला. सहाला धनूच्या दाराशी असलेलं लग्न तासाभरात सोळा अंशांपर्यंत पोहोचतं, म्हणजे हिशोब जुळला.

त्याच पहाटे सहालाच नागपुरात जन्मलेल्या बाळाचं लग्न मात्र धनू, तीन अंश वीस कला. नागपूर पूर्वेला असल्याने तिथलं आकाश पुण्याच्या वीसेक मिनिटं पुढे असतं. घड्याळ सगळ्या देशात एकच, क्षितिज मात्र गावागावाचं वेगळं.

सगळ्या राशी सारखाच वेळही घेत नाहीत. क्रांतिवृत्त क्षितिजाशी कधी तिरपं, कधी उभं असतं. पुण्यात मीन रास सुमारे १ तास ३५ मिनिटांत उगवून जाते, वृश्चिकेला २ तास १४ मिनिटं लागतात. म्हणून पाच मिनिटांची चूक मीन लग्नाला वृश्चिकेपेक्षा जास्त हलवते.

आणि ही चूक होतेच. बाळ बाहेर येतं, नाळ कापली जाते, बाळ रडतं, मग कोणीतरी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहतं आणि कागदावर ‘६.००’ लिहितं. ते ५.५७ होतं की ६.०३, हे त्या कागदावरून कळत नाही. आजी-आजोबांच्या पत्रिकेत आणखी एक खाच असते. १९४२ ते १९४५ या युद्धकाळात देशातली घड्याळं एक तास पुढे केली होती. तो तास वजा करायचा राहिला, तर लग्न सरासरी पंधरा अंशांनी चुकतं.

वेळ सेकंदापर्यंत अचूक असली तरी एक प्रश्न उरतोच, तो अयनांशाचा. टिळक पंचांगाचा अयनांश लाहिरीपेक्षा सुमारे चार अंशांनी कमी आहे. तो घेतला तर आपलं पुण्याचं बाळ सहा वाजताच धनू लग्नाचं ठरतं. क्षितिजावर उगवणारा बिंदू दोन्हींत एकच असतो. त्याला कोणत्या राशीचं नाव द्यायचं, ते माणसांनी मोजणी कुठून सुरू करायची ठरवली त्यावर अवलंबून असतं. त्या नावावरून माणसाचा स्वभाव किंवा भविष्य कळतं याला विज्ञानात आधार मिळालेला नाही. म्हणून पत्रिका हातात घेतली की मी लग्नाच्या राशीआधी तिचे अंश पाहते. २९ किंवा ० दिसला, की वेळ कोणी, कशावरून लिहिली, हे आधी विचारते.